नियम मेलमध्ये लिहावेत की नमुना फाइल जोडावी? गटप्रमुखासाठी तुलना

नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या विक्रीवर आमच्या पाच जणांच्या गटाला पंधरा स्लाइड्स करायच्या होत्या, आणि गटप्रमुख म्हणून कामाची विभागणी करणारा मेल मला लिहायचा होता. असा मेल दोन प्रकारे लिहिता येतो: सगळे नियम मजकुरातच लिहायचे, किंवा मजकूर थोडका ठेवून कोरी नमुना फाइल जोडायची.

मी पहिला प्रकार निवडला. त्याचा फायदा असा, की मोबाइलवरही मेल पूर्ण वाचला जातो. नावापुढे विभाग, विभागापुढे स्लाइड्सची संख्या आणि ‘शुक्रवारी रात्री ८ पर्यंत’ अशी नेमकी वेळ लिहिल्याने त्या बाबतीत कोणी चुकले नाही. (‘शुक्रवारपर्यंत’ एवढेच लिहिले, तर काही जण शनिवारी सकाळी फाइल पाठवतात, हा आधीचा अनुभव.) घोळ झाला तो ‘अक्षर सुवाच्य ठेवावे’ या मोघम वाक्याने, कारण त्यात स्लाइडचा आकार किंवा फॉन्ट सांगितलेला नव्हता. एकाने जुन्या ४:३ आकारात स्लाइड्स केल्या. १६:९ च्या फाइलमध्ये आणल्यावर त्यांची मांडणी विस्कटली. दुसऱ्याने कृतिदेवमध्ये टंकन केले होते, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर ‘नागपूर’च्या जागी `ukxiwj` दिसू लागले. अशा वेळी फॉन्ट बदलून भागत नाही, कारण फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि त्यानंतरही जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात. शनिवारची सगळी दुपार त्यातच गेली.

नमुना फाइलमध्ये आकार, फॉन्ट आणि शीर्षकाची जागा आधीच ठरलेली असते, म्हणून यातले बरेचसे टळते. पण तिचीही मर्यादा आहे. सदस्याने ठरलेल्या चौकटीत न लिहिता स्वतःची वेगळी मजकूर-चौकट टाकली, तर स्लाइड मुख्य फाइलमध्ये चिकटवताना `Use Destination Theme` निवडूनही त्या चौकटीची जागा आणि हाताने दिलेला अक्षरांचा आकार जसाच्या तसा राहतो. अशी चौकट स्लाइड्स पाहूनच शोधावी लागते. फॉन्ट बदलला असेल तर ते मात्र वेळेत कळावे म्हणून फाइल मिळताच पॉवरपॉइंटमधील `Replace Fonts` ही यादी उघडून पाहावी. तिथे नमुना फाइलमध्ये ठरवलेल्या निर्मला यूआय या फॉन्टऐवजी किंवा त्यासोबत अनोळखी नाव दिसले, तर ती फाइल त्याच रात्री परत पाठवावी.

गटातील बहुतेक जण मोबाइलवर काम करणारे असतील, तर नमुना फाइलवर फार विसंबू नये, कारण मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसला की मांडणी वेगळी दिसते. सर्वांकडे लॅपटॉप असेल, तर मात्र मी नि:संकोच नमुना फाइल जोडेन. नावे, विभाग आणि वेळा तेव्हाही मेलच्या मजकुरातच राहतील, कारण जोडलेली फाइल गुरुवारच्या रात्रीपर्यंत कोणी उघडत नाही. आणि ‘कृतिदेव वापरू नये’ हे वाक्य वेळांच्या लगेच खाली, स्वतंत्र ओळीत येईल.