साठेखत की थेट खरेदीखत? एकच प्लॉट दोघांना विकला गेला तर

नेरळ-कर्जतच्या बाजूला एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घेणाऱ्या मुंबईकरासमोर बहुधा दोन मार्ग असतात. थोडी रक्कम देऊन नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, करायचा आणि बाकीचे पैसे जमले की खरेदीखत, किंवा पैशांची सगळी सोय होईपर्यंत थांबून थेट खरेदीखत. मी दुसरा मार्ग घेतला. माझ्या मेहुण्यानं त्याच भागात पहिला घेतला, आणि त्याचा प्लॉट मालकानं मध्येच दुसऱ्यालाही विकला. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. मी फक्त एवढंच बघतो, की विकणारा फिरला तर कोणता कागद किती उपयोगी पडतो.

मेहुण्याचा व्यवहार चोवीस लाखांचा होता. सहा लाख देऊन साठेखत नोंदवलं, उरलेले अठरा लाख सहा महिन्यांत द्यायचे ठरले. तिसऱ्या महिन्यात मालकानं त्याच प्लॉटचं एकोणतीस लाखांना दुसऱ्या माणसाला खरेदीखत करून दिलं आणि तेही रीतसर नोंदवलं. साठेखत आधीचं, म्हणून प्लॉट मेहुण्याचाच, असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. कायदा तसं म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार जमिनीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. मालकी खरेदीखतानं जाते, म्हणजे कागदावर ती दुसऱ्या माणसाकडे गेली.

पण मेहुणा पूर्ण हरला असंही नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १९ नुसार नंतरच्या खरेदीदाराविरुद्धही करार पुरा करून घेता येतो. अपवाद एकच. त्या खरेदीदारानं पैसे मोजलेले असावेत, तो प्रामाणिक असावा आणि आधीच्या कराराची त्याला माहिती नसावी. इथे नोंदणीचा फायदा होतो. साठेखत नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमध्ये दिसत असेल, तर दुसऱ्याला ते माहीत होतं किंवा शोध घेतला असता तर कळलं असतं, हे दाखवणं बरंच सोपं जातं. हेच साठेखत नुसतं नोटरीकडे केलेलं असतं, तर ‘मला काहीच कल्पना नव्हती’ हे म्हणणं त्याला सोपं गेलं असतं. तेव्हा प्लॉटवर तुमचा प्रत्यक्ष ताबा असेल तरच थोडा आधार मिळतो, कारण ताब्यात कोण आहे याची चौकशी करणं घेणाऱ्याचं काम असतं.

अशा दाव्यात हुकूमनामा कसा असावा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५३ मध्ये लाला दुर्गा प्रसाद यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. मूळ मालकानं पहिल्याला खरेदीखत करून द्यायचं, आणि दुसऱ्या खरेदीदारानं त्यात सामील होऊन आपल्याकडे आलेली मालकी त्याच्याकडे द्यायची. म्हणजे नोंदवलेलं साठेखत हाती असलेला माणूस शेवटी जिंकू शकतो. मी हे कमी लेखत नाही.

माझा कौल ठरला तो एका वेगळ्याच त्रासामुळे. करार पुरा करून मागणाऱ्याला, आपण आपला भाग पुरा करायला कायम तयार होतो आणि आहोत, हे सिद्ध करावं लागतं. न्यायालयानं सांगितल्याशिवाय रक्कम भरायची सक्ती नाही, पण ती उभी करण्याची ऐपत दाखवावीच लागते, आणि एखाद्या महिन्यापुरती नव्हे, तर दावा चालेल तोवर. मेहुण्याचे अठरा लाख मुदत ठेवीत अडकून पडले. घराची दुरुस्ती आली, मुलीचं शिक्षण आलं, दर वेळी वकिलांचं एकच सांगणं, ‘ठेव मोडू नका, उलटतपासणीत पासबुक मागतील.’ आणि तसंच झालं. समोरच्या वकिलानं मालकाची फसवणूक बाजूला ठेवली आणि मेहुण्याच्या खात्यावर कोणत्या महिन्यात किती शिल्लक होती, तेच विचारत राहिला. ज्याची काही चूक नाही, त्यानंच वर्षानुवर्षं ऐपत दाखवत बसायचं, हे मी जवळून पाहिलं. दरम्यान तिसरा कुणी येऊ नये म्हणून दाव्याची नोटीसही वेगळी नोंदवावी लागली. महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय ‘दावा चालू असताना विक्री’ हा बचाव मिळत नाही.

खरेदीखत आधी झालेलं असेल, तर वाद सरळ होतो. विकणाऱ्याकडे विकायला काही उरलेलंच नसतं. नंतरच्या माणसानं कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले, तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे आधीचं हस्तांतरण वरचढ ठरतं. त्यानं आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायचे आणि फसवणुकीची तक्रार द्यायची. तो घाईनं तलाठ्याकडे जाऊन सातबारावर आपलं नाव लावूनही घेईल. तिथे हरकत नोंदवावी, पण घाबरू नये. फेरफार हा महसुलासाठी असतो, त्यानं मालकी ठरत नाही. तुमच्या बँकेच्या शिलकीची चौकशी या वादात सहसा येत नाही.

खरेदीखतालाही एक भोक आहे, आणि शोध अहवालात ते दिसत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४७ प्रमाणे नोंदवलेला दस्त अमलात येतो तो सहीच्या दिवसापासून, आणि सहीनंतर तो नोंदणीला सादर करायला चार महिने मिळतात. समजा, विकणाऱ्यानं ३ जानेवारीला कुणाला तरी खरेदीखतावर सही करून दिली. तुम्ही फेब्रुवारीत शोध घेतला, तो स्वच्छ निघाला. १० फेब्रुवारीला तुमची सही आणि नोंदणी एकाच दिवशी झाली. मग २० एप्रिलला पहिल्यानं आपला दस्त नोंदवला. नोंदणी तुमची आधीची, तरी सर्वसाधारणपणे पहिलाच वरचढ. मागची तारीख टाकून कागद रंगवला असेल, तर मुद्रांक शुल्क कोणत्या दिवशी भरलं यावरून ते बरेचदा उघडं पडतं. म्हणून मी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, मालकाच्या नावचा मूळ दस्त प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिला आणि प्लॉटवर जाऊन शेजाऱ्यांकडे चौकशी केली. धोका यानं संपत नाही, पण बराच कमी होतो.

थेट खरेदीखताला लोक बिचकतात ते पूर्ण रक्कम एकदम द्यावी लागेल म्हणून. कायद्याला ‘दिलेली किंवा कबूल केलेली’ किंमत चालते. थोडी रक्कम बाकी ठेवून, मालकी नोंदणीबरोबर जाते असं दस्तात स्पष्ट लिहून घेता येतं. मग उरलेल्या पैशांसाठी विकणाऱ्याचा जमिनीवर बोजा राहतो, मालकी राहत नाही. माझ्या विकणाऱ्यानं मोजणी होईपर्यंत दोन लाख मागे ठेवायला मान्यता दिली. सगळे देतील असं नाही.

साठेखत टाळताच येत नाही असेही प्रसंग आहेत. विकासकाकडून रेरा नोंदणी असलेल्या ले-आउटमध्ये प्लॉट घेत असाल, तर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देण्याआधी नोंदवलेला करार कायद्यानंच लागतो. एनएचा आदेश किंवा मोजणी बाकी असेल, तर पूर्ण पैसे गुंतवणं मलाही पटणार नाही. अशा वेळी साठेखत करा, पण ते त्याच दिवशी नोंदवा, शक्य असेल तर ताबा आणि कुंपण घ्या. ताबा घेतलात तर मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकंच लागेल, ते हिशेबात धरा. खरेदीखताची मुदत सहा महिन्यांची नको, जमेल तितकी कमी ठेवा. मुदत उलटून मालक टाळाटाळ करू लागला, तर वाट पाहत बसू नका. करारात तारीख दिलेली असेल, तर दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासूनच मोजली जातात.