समोरच्या दातांतली फट आणि माझे ६२ हजार

वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली आहे, हे मला पुतणीच्या साखरपुड्याच्या फोटोंमुळे कळलं. जेमतेम दोन मिलिमीटरची असेल, पण हसताना नजर तिथेच जायची. वय ४४. मोबाइलवर ‘घरबसल्या दात सरळ करा’ अशी जाहिरात सारखी येत होती. एका रात्री त्यांना फोटो पाठवले. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि चमच्याने गाल ओढून दात मिटलेला एक.

दुसऱ्या दिवशी फोन आला. “मॅम, अगदी साधी केस आहे. फक्त गॅप बंद करायचीय.” पाठोपाठ एक व्हिडिओ आला. त्यात माझे दात हळूहळू जवळ येऊन फट मिटत होती. तो व्हिडिओ मी घरात सगळ्यांना दाखवला. आज वाटतं, त्या वीस सेकंदांनीच मला गिऱ्हाईक केलं. त्यात फक्त दातांचे पांढरे भाग होते. मुळं नव्हती, हाड नव्हतं, आणि हिरड्या एकसारख्या गुलाबी रंगवलेल्या होत्या.

चार दिवसांनी एक मुलगा घरी आला आणि त्याने तोंडात कॅमेरा फिरवून स्कॅन घेतला. तो डॉक्टर नव्हता, तसं त्याने स्वतःच सांगितलं. “प्लॅन आमचे डॉक्टर अप्रूव्ह करतात.” त्या डॉक्टरांचं नाव मला कधीच कळलं नाही. टॅबवर एक फॉर्म होता, तो त्यानेच भराभर भरला आणि शेवटी माझं बोट फिरवून सही घेतली. त्या फॉर्ममध्ये एक ओळ होती : ‘गेल्या सहा महिन्यांत मी दंतवैद्याकडून तपासणी करून घेतली आहे आणि माझे दात व हिरड्या निरोगी आहेत.’ त्यापुढची खूण मी केलेली नव्हती. ही ओळ मी वाचली ती पैसे परत मागायला गेले तेव्हा.

६२ हजार रुपये हप्त्यांवर ठरले. अलाइनरचे, म्हणजे दातांवर चढवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांचे, १६ संच, दहा दहा दिवसांनी बदलायचे, दिवसातून बावीस तास घालायचे. चौथ्या संचानंतर ब्रशवर रक्त दिसायला लागलं. सातव्यापर्यंत समोरचा डावा दात जिभेने ढकलला तरी हलायचा आणि पोळीचा तुकडा तोडायचीही भीती वाटू लागली. फोन केला की एकच उत्तर, “दात सरकतोय म्हणजे थोडा हलणारच, मॅम.” हे वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच मी आणखी वीस दिवस गप्प बसले. सरकवताना दात थोडे हलतातच. पण रक्त येणं आणि दात बोटाने मागेपुढे होणं हे त्यात बसत नाही.

शेवटी आमच्या गल्लीतल्या दंतवैद्य बाईंकडे गेले. त्यांनी फटीकडे आधी पाहिलंच नाही. विचारलं, “ही फट लहानपणापासून आहे का, ताई?” मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, “लग्नातला हसरा फोटो आहे?” फोनमध्ये होता. त्यात फट नव्हती. दात एकमेकांना चिकटून होते. “पंचविशीत जवळ असलेले दात चाळिशीत आपोआप दूर जात असतील, तर आधी ते का गेले हे शोधायचं.”

मग त्यांनी खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या आत घालून आकडे सांगू लागल्या. मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, तीन. मागे तसंच. समोर आल्यावर पाच, सहा, सात. निरोगी हिरडी दाताला एक ते तीन मिलिमीटरवर धरून असते. सात म्हणजे हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये तेवढा खोल खिसा झालेला. एक्स-रेमध्ये समोरच्या दोन दातांच्या मुळांभोवतीचं हाड जवळपास निम्मं खाली गेलेलं दिसलं. आपण ज्याला पायरिया म्हणतो तो हाच, आणि तो मला दुखलाच नव्हता.

त्यानंतर त्यांनी वरच्या दातांवर बोट ठेवून मला दात टकटक मिटायला सांगितलं. प्रत्येक वेळी समोरचे दात बोटाला धक्का देत होते. याचं कारण मागे होतं. खालची डावीकडची दाढ सहा वर्षांपूर्वी काढली आणि तिथे दुसरी बसवलीच नाही. त्यामुळे चावण्याचा भार पुढे येत राहिला, आणि हाड कमी झालेले समोरचे दात त्या भाराने बाहेर फाकत गेले. हसताना ती रिकामी जागा दिसतच नाही. स्कॅनमध्ये दिसली असणार, पण कुणी विचारलं नाही.

अलाइनरने नेमकं काय बिघडलं, हे त्यांनी खुंट्याच्या उदाहरणाने समजावलं. जमिनीत खोल रोवलेला खुंटा ढकलला तर जागचा हलत नाही. निम्मा उघडा पडलेला तेवढ्याच धक्क्याने कलंडतो. शिवाय दात सरकतो तो एका बाजूचं हाड झिजून आणि दुसऱ्या बाजूला नवं भरून. हिरडीत सूज आणि कीट असताना जोर लावला, तर झिजणं वेगाने होतं आणि भरणं मागे पडतं.

मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला की थोडं तर माझ्या त्याच फोटोंतही दिसत होतं. बाईंनी मोठा करून दाखवलं. डावा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसत होता, दातांच्या मधे हिरडीजवळ छोटे काळे त्रिकोण होते, आणि हिरडीची कड लालसर होती. जाणत्या माणसाने एवढ्यावरून ‘आधी तपासून या’ म्हटलं असतं. मात्र खिसा किती खोल, हाड किती उरलं, दात किती हलतो, हे फोटोवरून त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याला सळई, बोट आणि एक्स-रेच लागतो.

त्यांनी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखरही तपासून घ्यायला लावली. ८.४ आली. मला मधुमेह आहे हे मला दातांच्या दवाखान्यात कळलं.

अलाइनर त्याच दिवशी थांबवले. दोन दात आतून बारीक तारेने शेजारच्यांना बांधले, चार बैठकांत हिरडीखालची खोल सफाई झाली, साखरेची गोळी सुरू झाली. कंपनीने पैसे द्यायला नकार दिला, तो फॉर्ममधल्या त्या ओळीवर बोट ठेवून. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, सोबत फोटो, व्हिडिओ आणि बाईंचा आकड्यांचा तक्ता जोडला आहे. तुमच्याकडेही असं कुणी आलं, तर टॅब स्वतःच्या हातात घ्या, प्रत्येक ओळ वाचा, आणि प्लॅन मंजूर करणाऱ्या डॉक्टरचं नाव व दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पैसे देण्याआधी लेखी मागा. मोठेपणी नव्याने पडलेली फट असेल, तर आधी हिरड्या मोजून घ्या.

तीन महिन्यांनी पुन्हा आकडे घेतले. सातचे चार झाले, रक्त थांबलं. फट तशीच आहे. आकडे टिकले आणि मागची दाढ बसवून झाली, तर ती हलक्या जोराने मिटवता येईल, कदाचित अलाइनरनेच, असं बाई म्हणतात. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.