सात महिने Mn, Mw आणि डिस्पर्सिटी रोज वापरून झाल्यावरचा अनुभव

सात महिन्यांपूर्वी लॅबमधलं जीपीसी, म्हणजे पॉलिमरच्या मोठ्या साखळ्या आधी आणि छोट्या नंतर बाहेर काढून त्यांची वजनं मोजायचं यंत्र, माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून जवळजवळ रोज रिपोर्टवर तेच तीन आकडे बघतेय: Mn, Mw आणि दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारी डिस्पर्सिटी, म्हणजे Đ. बरेच जण तिला अजून पीडीआयच म्हणतात, आयुपॅकने 2009 मध्ये तो शब्द सोडून डिस्पर्सिटी म्हणा असं सांगितलं तरी सवय जात नाही. पहिले दोन महिने मी फक्त शेवटचा आकडा बघायचे. 1.1 आला तर रिअॅक्शन चांगली झाली, 2 च्या जवळ गेला तर काहीतरी बिघडलं, एवढंच. आता तो आकडा मी सगळ्यात शेवटी बघते आणि का ते नीट सांगते.

आधी दोन सरासऱ्या. सॅम्पलमधून डोळे मिटून एक साखळी उचलली, वजन लिहिलं, परत टाकली, असं खूप वेळा केलं तर जी सरासरी येईल ती Mn. साखळीऐवजी एक मोनोमर युनिट उचललं आणि ते ज्या साखळीत बसलंय त्या पूर्ण साखळीचं वजन लिहिलं तर सरासरी येते ती Mw. लांब साखळीत युनिट्स जास्त, त्यामुळे ती हाताला जास्त वेळा लागते, म्हणून Mw कधीच Mn पेक्षा कमी येत नाही, आणि सगळ्या साखळ्या हुबेहूब सारख्या असतील तरच दोन्ही एक. खाली Ni म्हणजे Mi वजनाच्या साखळ्यांची संख्या.

```
Mn = Σ NiMi / Σ Ni
Mw = Σ NiMi² / Σ NiMi
Đ  = Mw / Mn
```

आता एक हिशोब, जो मी कागदावर केला आणि माझी बघायची पद्धतच बदलली. समजा 100 ग्रॅम पॉलिमर आहे, सगळ्या साखळ्या बरोब्बर 1,00,000 ग्रॅम प्रति मोल. म्हणजे 0.001 मोल साखळ्या, Đ = 1. यात फक्त 1 ग्रॅम ऑलिगोमर, म्हणजे अगदी छोट्या साखळ्यांचा माल टाका, 1,000 चा. तो 1 ग्रॅम म्हणजे पण 0.001 मोलच! साखळ्या दुप्पट झाल्या, वजन मात्र 101 ग्रॅम, म्हणून Mn थेट 50,500 वर येतो. Mw जेमतेम हलतो, 99,020. Đ येते 1.96.

आता ऑलिगोमर न टाकता त्याच मूळ 100 ग्रॅममध्ये 1 ग्रॅम अगदी लांब साखळ्या टाका, 1,00,00,000 च्या, म्हणजे एक कोटी. साखळ्यांच्या संख्येत जाणवण्यासारखा फरकच पडत नाही, Mn येतो 1,00,990. पण Mw दुप्पट, 1,98,020. आणि Đ? परत 1.96.

दोन्हीकडे भेसळ एक टक्क्याच्या आसपास, दोन्हीकडे डिस्पर्सिटी तीच, पण माल पूर्ण वेगळा. वितळलेल्या पॉलिमरची व्हिस्कॉसिटी साखळ्या एकमेकींत गुंतण्याइतक्या लांब असल्या की साधारण Mw च्या 3.4 घाताने वाढते, म्हणजे पहिलं सॅम्पल मूळ मालासारखंच वाहील आणि दुसरं ढोबळ हिशोबाने दहापट जड जाईल (इतक्या टोकाच्या मिश्रणाला तो नियम काटेकोर लागू होत नाही, पण दिशा तीच). नुसतं Đ = 1.96 सांगितलं तर ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

आणि हे फक्त कागदावर राहत नाही. तिसऱ्या महिन्यात एका बॅचचा मी रिपोर्ट दिला, Mn 38,000, Mw 61,000, Đ 1.61. सहकाऱ्याने तीच रन, तीच फाइल उघडून परत प्रोसेस केली आणि त्याला आले Mn 31,000, Mw 60,500, Đ 1.95. दोघांनी अर्धा दिवस कॅलिब्रेशन तपासण्यात घालवला, ते बरोबर होतं. फरक होता पीक कुठे संपवायचं यात. मी शेपूट जिथे बेसलाइनला टेकल्यासारखं वाटलं तिथे रेघ मारली होती, त्याने अजून थोडं पुढे, सॉल्व्हंटच्या पीकच्या जवळ नेली होती. त्या तुकड्यात एकूण एरियाच्या एक टक्काही माल नव्हता!

कारण एकदा समजलं की साधं आहे. आरआय डिटेक्टर मोजतो कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे वजन. Mn काढायला सॉफ्टवेअर पीकचे बारीक उभे स्लाइस करून प्रत्येक स्लाइसच्या वजनाला त्या स्लाइसच्या M ने भागून साखळ्या मोजतं. M जितका लहान तितकी त्या स्लाइसमधली चूक मोठी होऊन साखळ्यांच्या संख्येत शिरते, आणि नेमकं तिथेच सिग्नल सगळ्यात कमी असतो आणि बेसलाइन सरकत असते. बेसलाइन केसभर खाली धरली तरी नसलेल्या शेकडो छोट्या साखळ्या हिशोबात येतात. म्हणून माझ्या अनुभवात त्याच सॅम्पलच्या दोन रनमध्ये Mw दोन-तीन टक्क्यांत राहतो आणि Mn दहा टक्के सहज हलतो.

यावरून ओळखायची एक सवय लागली. Mw जागेवर आणि Mn पडलेला दिसला की आधी मी रिअॅक्शनवर शंका घेत नाही, शेपटाकडची बेसलाइन आणि इंटिग्रेशनची हद्द बघते, ती ठीक असेल तर मग ऑलिगोमर किंवा उरलेला मोनोमर. Mn जागेवर आणि Mw वर गेलेला असेल तर पीकच्या लवकर बाहेर येणाऱ्या बाजूला बघते. तिथे मुख्य पीकच्या दुप्पट M वर खांदा दिसला तर दोन वाढत्या साखळ्या एकमेकींना जुळल्यात असं समजते. लांबवर पसरलेला पण बारीक फुगवटा असेल तर गुठळ्या किंवा ब्रँचिंगचा संशय, आणि तेव्हा लाइट स्कॅटरिंगचा सिग्नल बघावा, कारण तो कॉन्सन्ट्रेशन गुणिले M असा वाढतो, आरआयमध्ये न दिसणारे मोठे रेणू तिथे ठळक दिसतात.

अजून एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. सॅम्पल मेथॅनॉलमध्ये प्रेसिपिटेट करून धुतलं की छोट्या साखळ्या विरघळून निघून जातात, Mn वाढतो, Đ सुंदर दिसते. माझं एक पॉलिस्टायरीन धुण्याआधी 1.42 होतं, नंतर 1.27. रिअॅक्शन तीच, कंट्रोल तेवढाच. त्यामुळे दोन बॅचची तुलना करताना दोन्ही धुतलेल्या किंवा दोन्ही न धुतलेल्याच घ्या, नाहीतर धुण्याचं श्रेय कॅटॅलिस्टला जातं.

आणि 1.1 म्हणजे सगळ्या साखळ्या जवळपास सारख्या, हा माझा समजही गेला. साखळ्यांच्या वजनाचं स्टँडर्ड डेव्हिएशन येतं Mn × √(Đ − 1). Mn 10,000 आणि Đ 1.1 ला ते 3,160 च्या आसपास आहे. म्हणजे 7,000 च्या आणि 13,000 च्या साखळ्या त्या नॅरो सॅम्पलमध्ये भरपूर असतात.

कॅलिब्रेशन पॉलिस्टायरीनचं आणि सॅम्पल दुसऱ्याच पॉलिमरचं असेल तर Mn, Mw दोन्ही सापेक्ष, हे बहुतेकांना माहीत असतं. छोट्या साखळ्यांसाठी मी एनएमआरने साखळीच्या टोकाचे एंड ग्रुप मोजून Mn पडताळते. साधारण 20,000 च्या वर एंड ग्रुपचा सिग्नल इतका बारीक होतो की मी त्यावर विसंबत नाही, त्यामुळे त्या 38,000 की 31,000 च्या भांडणात त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी आम्ही ठरवलं की पीकची खालची हद्द प्रत्येक सॅम्पलला एकाच M वर, आमच्या सगळ्यात लहान स्टँडर्डवर ठेवायची आणि ती हद्द रिपोर्टमध्ये Mn च्या शेजारी लिहायची, सोबत पूर्ण क्रोमॅटोग्रामचं चित्र जोडायचं. तेव्हापासून आमच्या दोघांचे आकडे जुळतायत, ती जुनी फाइल परत प्रोसेस केली तेव्हा दोघांनाही 35,000 च्या आसपास आलं.