ट्रॅमाडॉल, कोडीन, टॅपेंटाडॉल की मॉर्फिन? डिप्रेशनची गोळी चालू असेल तर

हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर ट्रॅमाडॉल लिहून दिली की घरचे हमखास विचारतात, 'फार स्ट्राँग नाही ना?' नाही, तशी ती फार स्ट्राँग नाही. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनच्या मानाने तिची ताकद साधारण एक दशांश धरतात. पण ज्यांची डिप्रेशनची गोळी चालू आहे किंवा ज्यांना पूर्वी फिट आलेली आहे, त्यांनी ताकदीआधी दुसरंच काहीतरी विचारायला हवं.

मॉर्फिन मुख्यतः एकच काम करतं, अफूच्या जातीची म्हणजे ओपिऑइड औषधं मेंदूत जिथे बसतात त्या रिसेप्टरला चिकटतं. ट्रॅमाडॉल दोन कामं करते. मूळ औषध सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही निरोप पोचवणारी रसायनं मेंदूत जास्त वेळ टिकवून ठेवतं. डिप्रेशनच्या कितीतरी गोळ्याही हेच करतात. ओपिऑइडसारखी वेदना मारण्याचं काम मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या तिच्या उपपदार्थाचं असतं आणि तो तयार करतं CYP2D6 नावाचं एन्झाइम.

आता साठीतल्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. कित्येक वर्षं डिप्रेशनसाठी पॅरोक्सेटीन २० मिलिग्रॅम चालू आहे, गुडघा बदलून घरी आल्यात. ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची एकत्र गोळी दिवसातून तीनदा घ्यायची, म्हणजे ट्रॅमाडॉल दिवसाला ११२.५ मिलिग्रॅम. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा हे पुष्कळ कमी आहे, म्हणून कागदावर काहीच खटकत नाही. पण पॅरोक्सेटीन CYP2D6 दाबून ठेवतं. त्यामुळे वेदना मारणारा उपपदार्थ कमी बनतो आणि सेरोटोनिन वाढवणारं मूळ औषध शरीरात साचतं. गुडघा दुखतच राहतो. मुलगा जुन्या चिठ्ठीवरची ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल वर देतो. दुखणं फारसं कमी होत नाहीच, वाढतो तो फक्त धोका. फ्लुओक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन या डिप्रेशनच्या गोळ्याही हे एन्झाइम असंच दाबतात. एस्सिटालोप्रॅम त्या मानाने कमी दाबतं, पण सेरोटोनिनची बेरीज तिथेही होतेच.

हा धोका दोन प्रकारांनी दिसतो. एक म्हणजे सेरोटोनिन सिंड्रोम. हात थरथरतात, घाम फुटतो, जीव बेचैन होतो, जुलाब लागतात, बाहुल्या मोठ्या होतात आणि पाऊल वर ढकललं की घोटा आपोआप ठेके देत राहतो. साध्या ओपिऑइडच्या जास्त डोसमध्ये याच्या उलट दिसतं: पेंग, मंद श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या. दुसरा प्रकार म्हणजे फिट. डोस वाढला की तिचा धोका वाढतो, पण नेहमीच्या डोसवरही ती येऊ शकते. अपस्मार, डोक्याला झालेली जुनी इजा किंवा नुकतीच सोडलेली दारू असेल तर मी ट्रॅमाडॉलच्या वाटेलाच जाणार नाही. ब्युप्रोपिऑन स्वतःही फिटची शक्यता वाढवतं, त्यामुळे ही जोडी सगळ्यात नकोशी.

मग दुसरं काय? कोडीनही याच एन्झाइमवर अवलंबून, त्यामुळे पॅरोक्सेटीनसोबत तेही निकामी ठरू शकतं. सेरोटोनिनचा त्रास मात्र ते सहसा देत नाही. टॅपेंटाडॉल CYP2D6 वर विसंबून नाही आणि तिचा सेरोटोनिनवरचा परिणाम बराच कमी आहे, म्हणून वेदना कमी होण्याची खात्री जास्त. तरी तिच्या माहितीपत्रकातही फिट आणि सेरोटोनिन सिंड्रोम दोन्हींचा इशारा असतोच. ही भानगड मॉर्फिनमध्ये जवळजवळ नसते. तिथे श्वास मंदावणं आणि बद्धकोष्ठता यांची काळजी जास्त. किडनी कमजोर असेल तर त्याचे उपपदार्थ साचतात, त्यामुळे 'डिप्रेशनची गोळी आहे, मग मॉर्फिन द्या' असंही सरसकट म्हणता येत नाही. सवय लागण्याचा धोका सगळ्यांतच आहे. २०१८ पासून ट्रॅमाडॉल भारतात अंमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे ती उगाच नाही.

या बाईंच्या बाबतीत मी आधी पॅरासिटामॉल पूर्ण डोसमध्ये देता येईल का, किडनी आणि पोट चांगलं असेल तर सोबत सूज कमी करणारी गोळी चालेल का, हे विचारेन. एवढ्यानं भागलं नाही तरच थोड्या दिवसांसाठी टॅपेंटाडॉल किंवा मॉर्फिन, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पॅरोक्सेटीन मात्र स्वतःहून बंद करू नये. अचानक सोडलं तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं. फ्लुओक्सेटीन बंद केलं तरी त्याचा परिणाम काही आठवडे रेंगाळतो, म्हणून 'कालच थांबवलंय' याला अर्थ नाही.

रुग्णाला फिट आली किंवा तो गुंगीत गेला तर कॅज्युअल्टीत गोळ्यांची पाकिटंच न्या आणि ट्रॅमाडॉलचं नाव सांगा. मॉर्फिनवर उतारा म्हणून देतात ते नॅलोक्सोन ट्रॅमाडॉलचा परिणाम अर्धवटच उतरवतं. ते मंदावलेल्या श्वासासाठी द्यावं लागतं, पण फिट थांबवत नाही, उलट तिची शक्यता वाढवू शकतं. नाव आधी कळलं तर डॉक्टर फिटचं औषध हाताशी ठेवतात.