ऑनशेप की फ्रीकॅड: शनिवार-रविवारच्या कार्यशाळेसाठी गट निवडताना

मित्रमैत्रिणींनो, येत्या शनिवारी-रविवारी आपल्या क्लबची कॅडची कार्यशाळा आहे. मेकॅनिकल, सिव्हिल, ईएनटीसी, कॉम्प्युटर, सगळ्यांसाठी. या वेळी दोन गट आहेत. एक गट ऑनशेपवर काम करेल, दुसरा फ्रीकॅडवर. गुरुवारपर्यंत तुम्ही नाव कोणत्या गटात द्यायचं ते ठरवायचंय, म्हणून आज थोडं सविस्तर बोलतो. मी दोन्ही वापरली आहेत आणि शेवटी एकावर स्थिरावलोय, तेही सांगतो.

दोन्ही गट एकच वस्तू करणार आहेत: अर्डुइनो उनोची डबी. बोर्ड 68.6 बाय 53.4 मिमी. चारही बाजूंनी अर्धा मिमी मोकळीक सोडली तर आतली जागा 69.6 बाय 54.4 होते. भिंत 2 मिमीची धरली की बाहेरून 73.6 बाय 58.4. इथपर्यंत सोपं आहे. कसोटी लागते ती स्क्रूच्या भोकांपाशी. उनोची चार भोकं आयताच्या चार कोपऱ्यांवर नाहीत. बोर्डाचा कोपरा शून्य धरला तर यूएसबीकडची दोन 14.0 आणि 15.3 मिमीवर आहेत, म्हणजे एका रेषेतसुद्धा नाहीत. पलीकडची दोन्ही 66.1 वर आहेत, पण त्यांच्यातलं अंतर वेगळं. प्रत्येक भोकाखाली बोर्ड टेकायला डबीत एक खांब लागतो. एकच खांब काढून मिरर केला की पडद्यावर डबी छान दिसते आणि प्रिंट झाल्यावर बोर्ड बसत नाही. त्यामुळे प्रत्येक खांबाला स्वतःचं माप द्यावं लागतं, आणि ते माप पुढे बदलता आलं पाहिजे.

हे बदलणं दोन्हीकडे जमतं. ऑनशेपमध्ये आतल्या लांबीसाठी `aat` आणि भिंतीसाठी `bhint` असे व्हेरिएबल करायचे आणि बाहेरच्या लांबीत `#aat + 2*#bhint` लिहायचं. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीटमधल्या खान्यांना तीच नावं द्यायची आणि `Spreadsheet.aat + 2 * Spreadsheet.bhint` असं लिहायचं. भिंत 2 ची 3 केली की दोन्हीकडे लांबी 75.6 होते. रेखाटन पूर्ण बांधलं गेलंय का, हे फ्रीकॅडमध्ये रेषा हिरव्या झाल्या की कळतं, ऑनशेपमध्ये निळ्याच्या काळ्या झाल्या की.

फरक पडतो तो मधेच एखादी पायरी घुसवली की. समजा डबी झाली, यूएसबीची खिडकी कापली, आणि मग वाटलं की कोपरे गोल हवेत. तुम्ही मागे जाऊन फिलेट घातलात. ऑनशेप हे बऱ्यापैकी शांतपणे पचवतं. फ्रीकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र पृष्ठभागांना Face1, Face2 असे क्रमांक मिळायचे. फिलेटमुळे नवे पृष्ठभाग आले की क्रमांक सरकायचे, आणि खिडकी भलत्याच भिंतीवर जाऊन बसायची. 18 नोव्हेंबर 2024 ला आलेल्या 1.0 आवृत्तीत हे बरंच सुधारलंय, पण पूर्ण संपलंय असं मी म्हणणार नाही. फिलेटनंतर मॉडेलच्या पायऱ्यांच्या झाडातल्या एखाद्या पायरीवर लाल खूण दिसली तर समजायचं की तिचा आधार हरवला. यावर माझा उपाय म्हणजे खिडकीचं रेखाटन भिंतीवर काढायचंच नाही. ते `YZ_Plane` वर काढायचं आणि `Pocket`ने भिंतीतून आरपार न्यायचं. मूळ प्रतल कधीच सरकत नाही. ही सवय रविवारी मुद्दाम करून घेणार आहे. ती एकदा लागली की कोणत्याही कॅडमध्ये उपयोगी पडते.

ऑनशेपच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. इन्स्टॉल काहीच करायचं नाही, ब्राउझर उघडला की सुरू. लॅपटॉप जुना असला, लिनक्स असलं तरी चालतं. एकाच डबीवर दोघं एकाच वेळी काम करू शकतात. मी झाकण करतोय आणि मैत्रीण खांब सरकवतेय, हे समोर दिसतं. ग्रुप प्रोजेक्टसाठी हे फार सोयीचं आहे. फ्रीकॅडमध्ये फाइल एकमेकांना पाठवत बसावं लागतं. शिवाय ऑनशेप उभं केलं ते सॉलिडवर्क्सच्या जुन्या मंडळींनीच, त्यामुळे पुढे नोकरीत सॉलिडवर्क्सवर जाणाऱ्या मेकॅनिकलवाल्यांना पद्धत ओळखीची वाटेल. खातं मात्र शिक्षणासाठीचंच घ्या. साध्या विनामूल्य खात्यातलं काम सगळ्या जगाला दिसतं.

मग मी फ्रीकॅडकडे का वळलो? इंटरनेटमुळे. ऑनशेपचं सगळं गणित सर्व्हरवर होतं. नेट गेलं की मॉडेल समोर दिसत राहतं, पण त्यात काही बदलता येत नाही. केलेलं काम जात नाही, हे खरं आहे, कारण प्रत्येक पायरी तिथल्या तिथे जपली जाते. पण आपलं हॉस्टेल तुम्हाला माहीत आहे. रात्री 9 नंतर सगळा मजला नेटवर असतो आणि नेमकं तेव्हाच आपल्याला सबमिशनचं काम करायचं असतं. एक माप बदलायचं, गोल फिरणारं चिन्ह बघत थांबायचं, मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा, तोही खोलीच्या कोपऱ्यात नीट चालत नाही म्हणून गॅलरीत बसायचं. सरांनी सकाळी एक भोक सरकवायला सांगितलेलं असतं आणि ते दोन मिनिटांचं काम तासभर लटकतं. कॅडमध्ये विचार करायला सलग वेळ लागतो. तो सतत तुटला की मापं डोक्यात राहत नाहीत. ज्याच्या घरी चांगलं नेट आहे त्याला कदाचित हे कधी जाणवणारही नाही, हे मान्य. मला मात्र रोज जाणवायचं.

फ्रीकॅड एकदा उतरवून घेतलं की गावी एसटीत बसूनसुद्धा चालतं. खातं नाही, दरवर्षीचं नूतनीकरण नाही, पास आउट झाल्यावर परवाना संपण्याचा प्रश्न नाही. ईएनटीसीवाल्यांनी कायकॅडमध्ये बोर्ड केला असेल तर त्याची स्टेप फाइल थेट आत आणून डबी तिच्याभोवतीच बांधता येते. सिव्हिलवाल्यांसाठी 1.0 पासून बीआयएम वर्कबेंच सोबतच येतं. आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, चार खांब हाताने काढायची गरज नाही, पायथन कन्सोलमध्ये एवढं पुरतं:

```
import FreeCAD as App, Part
App.newDocument("Dabi")
for x, y in [(14.0, 2.5), (15.3, 50.7), (66.1, 7.6), (66.1, 35.5)]:
    Part.show(Part.makeCylinder(3, 5, App.Vector(x, y, 0)))
```

फ्रीकॅडचा पहिला दिवस जड जातो, हे आधीच सांगून ठेवतो. मेनू जास्त आहेत, वर्कबेंच बदलत राहावं लागतं, आणि ऑनशेपचा गट शनिवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुमच्या पुढे गेलेला असेल. ज्यांना फक्त या सेमिस्टरचा ग्रुप प्रोजेक्ट उरकायचाय आणि टीम एकत्र बसते, त्यांनी ऑनशेप घ्यावं, मी अडवणार नाही. ज्यांना पुढची तीन वर्षं स्वतःच्या लॅपटॉपवर काम करायचंय, त्यांना मी फ्रीकॅडच्या गटात बघणं पसंत करेन.

गट कोणताही असो, चाकवाला माउस आणा. टचपॅडवर मॉडेल फिरवण्यात अर्धा दिवस जातो. फ्रीकॅडवाल्यांनी 1.0 किंवा त्यापुढची आवृत्ती शुक्रवारच्या आत लायब्ररीच्या नेटवर उतरवून घ्या. ड्रॉइंग काढताना प्रोजेक्शन फर्स्ट अँगलवर आहे ना ते दोन्ही गटांनी तपासा, आपल्याकडे तेच मागतात. आणि क्लोन बोर्ड असेल तर माझ्या आकड्यांवर जाऊ नका. व्हर्नियर घेऊन यूएसबीच्या सॉकेटची रुंदी आणि उंची स्वतः मोजून या. क्लोनवर सॉकेट वेगळं असू शकतं, आणि खिडकी त्यावरूनच कापायची आहे.