जुन्या फोटोंसाठी क्लाउड की हार्ड डिस्क?

शेजारच्या मावशींकडे स्कॅन केलेले अल्बम आणि मोबाइलमधले मिळून ३०० जीबी फोटो आहेत. ते ठेवायचे कुठे?

खर्चात हार्ड डिस्क सरस, पैसे एकदाच. गूगलची फुकट जागा १५ जीबीच, पुढे भाडं चालूच.

टिकाऊपणात डिस्क कच्ची. पडली आणि टकटक आवाज आला, की लगेच बंद करा. चालवत राहिलात तर उरलेलंही जातं. क्लाउडमध्ये धोका वेगळा: गूगल फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केला की क्लाउडमधूनही जातो, आणि ६० दिवसांनी ट्रॅशमधूनही. ॲपच्या 'Storage saver' सेटिंगमध्ये फोटोंचा दर्जा उतरतो. स्कॅनसाठी 'Original quality'च निवडा.

इंटरनेट मंद असेल तर दोन डिस्क घ्या, एक बहिणीकडे ठेवा. मुलं परगावी असतील तर क्लाउड. ज्यांचे मूळ प्रिंट खराब झालेत, ते स्कॅन मात्र दोन्हीकडे हवेत.