भाववर्णन की अवस्थांचा तक्ता: स्टेल्थ गेमच्या संगीताचा ब्रीफ कसा लिहावा

स्टेल्थ गेमसाठी, म्हणजे पहारेकऱ्यांची नजर चुकवत लपतछपत खेळायच्या गेमसाठी, खेळाप्रमाणे बदलणारे संगीत करून घ्यायचे असेल, तर संगीतकाराला द्यायचा ब्रीफ मुख्यतः दोन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिल्या तऱ्हेत भाववृत्तींचे वर्णन असते: 'निवांत, पण सावध', 'दाटत जाणारा संशय', 'जीव मुठीत धरून पळणे', आणि प्रत्येकीसोबत नमुना म्हणून ऐकायला एखादा तुकडा. दुसऱ्या तऱ्हेत गेमच्या अवस्था आणि त्यांच्यातली ये-जा तक्त्यात मांडलेली असते: अवस्था कशाने सुरू होते, साधारण किती सेकंद टिकते, तिथून कुठे जाते आणि परत कशी येते. मी दोन्ही तऱ्हांनी ब्रीफ लिहिले आहेत आणि दोन्हींतून चांगले संगीत मिळू शकते, हे आधीच मान्य करतो.

भाववर्णनाचा पहिला फायदा असा की ते वाचून संगीतकाराला काहीतरी सुचते. मी असा ब्रीफ पाठवला तेव्हा काही दिवसांतच तीन कच्चे तुकडे हाती आले, आणि त्यांतून गेमचा एकूण वाद्यमेळ ठरला. तक्ता पाठवला तेव्हा मात्र उत्तरादाखल तुकडे आले नाहीत, प्रश्न आले, आणि पहिला सूर ऐकायला बरेच थांबावे लागले. पहारेकऱ्यांचे वागणे अजून दर आठवड्याला बदलत असेल, तर तक्ता लिहिणे म्हणजे वाळूवर रेघा ओढणेच ठरते.

तरीही माझे मत फिरले, ते एका कटकटीमुळे. आमच्या भाववर्णनाच्या ब्रीफमध्ये संशयाबद्दल 'हळूहळू चढत जाणारा' असे लिहिले होते. संगीतकाराने ते अक्षरशः पाळले: 96 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत आठ बारांची चढण, सहाव्या बारला खोल ढोल. चार मात्रांचा बार या लयीत अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे चढण एकंदर वीस सेकंदांची. प्रत्यक्ष खेळात मात्र खेळाडू संशयाच्या अवस्थेत एका वेळी चार ते सहा सेकंद राहत असे. तेवढ्यात तो खांबाआड सरके किंवा पकडला जाई. पहिल्या दोन बारांपलीकडचे संगीत जवळजवळ कोणी ऐकलेच नाही, आणि तो ढोल तर बहुधा आम्हा दोघांनाच ठाऊक असावा.

एवढ्यावर भागले असते तर मी सोडून दिले असते. खरा त्रास उतरणीचा होता. संशय कसा सुरू व्हावा हे आम्ही लिहिले होते. तो कसा संपावा याविषयी ब्रीफमध्ये एक शब्दही नव्हता. कोपऱ्यावरून तीनदा डोकावणारा खेळाडू डोळ्यांसमोर आणा. पहारेकऱ्याच्या सावधपणाचा आकडा दर वेळी मर्यादा ओलांडतो आणि लगेच खाली येतो, त्यामुळे संशयाचे संगीत तीनदा उगवते आणि तीनदा मावळते. ऐकणाऱ्याला वाटते, संगीताला उचकी लागली आहे. गेममधले संगीत जुळवण्याच्या एफमॉड या सॉफ्टवेअरमध्ये मी फेड, म्हणजे संगीत विरण्याचा वेळ, दोन सेकंदांवरून चार सेकंदांवर नेऊन पाहिला. उचकी थांबली, पण आता पहारेकरी पाठ फिरवून निघून गेला तरी संगीत त्याचा संशय सांगतच राहिले. स्टेल्थमध्ये खेळाडू संगीताकडे बातमी म्हणून कान लावतो. बातमी शिळी असली की तो विनाकारण दबून बसतो, आणि पुढे संगीतावर विश्वास ठेवणेच सोडतो.

यात संगीतकाराची चूक नव्हती. भाववृत्तीला नाव देता येते, पण तिच्यातून बाहेर पडण्याला सहसा नाव नसते, आणि ज्याला नाव नाही ते विशेषणांच्या यादीत येत नाही. तक्त्यात मात्र 'पुढे कुठे' हा रकाना रिकामा राहिला की तो डोळ्यांत खुपतो. दुसऱ्या ब्रीफमध्ये संशयाची ओळ मी अशी लिहिली:

> संशय. सुरुवात: सावधपणा 40च्या वर. शेवट: 20च्या खाली. मुक्काम: बहुधा 4 ते 6 सेकंद, क्वचित 20. वर: पाठलाग, पुढच्या मात्रेवर. खाली: उतार, पुढच्या बारवर. उतारातून पुन्हा संशय: कोणत्याही बारवर. भाव: 'कुणीतरी होतं का तिथे?'

चढताना 40 आणि उतरताना 20 असे वेगळे आकडे ठेवल्याने निम्मी उचकी तिथेच थांबली, आणि हे काम तर संगीताचे नव्हतेच. उरलेले संगीतकाराने सोडवले. 'कोणत्याही बारवर परत' हे वाचल्यावर त्याने चार बारांचा, म्हणजे दहा सेकंदांचा उतार एकाच धरलेल्या खालच्या सुरावर बांधला, आणि संशयाचा तुकडाही त्याच सुरावर उभा केला; त्यामुळे कुठूनही उडी मारली तरी सांधा कळत नाही. त्यानेच एक नियम सुचवला: तालवाद्य वाजत असेल तर पहारेकऱ्याला संशय आहे, नुसता सूर उरला तर ते केवळ वातावरण. संशय संपताच ताल पुढच्या बारला, म्हणजे फार तर अडीच सेकंदांत, थांबतो आणि सूर सावकाश विरतो, म्हणून बातमी ताजी राहते आणि कानालाही झटका बसत नाही. पाठलागाला मात्र बारभर थांबणे परवडत नाही, म्हणून तो मात्रेवर, जास्तीत जास्त सव्वासहा दशांश सेकंदात सुरू होतो.

लयीचा प्रश्नही तक्त्यामुळेच वेळेवर पुढे आला. भाववर्णनात पाठलागापुढे 'वेगवान' लिहिले होते, आणि तो तुकडा 140 बीपीएममध्ये आला. तो एकटा ऐकायला उत्तम होता, पण थर एकावर एक चढवायचे तर सगळ्यांची लय एकच लागते. तक्त्यात 'मात्रेवर' हा शब्द दिसताच संगीतकाराने विचारले की लय सगळीकडे 96च राहणार का, आणि पाठलागात त्याने दुप्पट घनतेचा ताल देऊन वेगाचा भास निर्माण केला.

एक गोष्ट दोन्ही तऱ्हांतून निसटते. आमच्या निवांत थरातले लाकडी ठोके काही खेळाडूंना पावलांचा आवाज वाटले, आणि ते रिकाम्या दालनात कुणाची तरी वाट पाहत उभे राहिले. तेव्हापासून ब्रीफसोबत मी गेममधल्या पावलांचे, दारांचे आणि पहारेकऱ्यांच्या बोलण्याचे आवाज वेगळे पाठवतो. गेममधले काही मिनिटांचे संगीतविरहित चित्रीकरणही सोबत असते, त्यात निदान एकदा संशय येऊन जाणारा प्रसंग असावा असे मी पाहतो.

गेमचे नियम अजून पातळ असतील, किंवा संगीतकारासोबत पहिल्यांदाच काम करत असाल, तर भाववर्णनाने सुरुवात करण्यात मला गैर काही दिसत नाही. वाद्यमेळ ठरेपर्यंत ते पुरते. पहारेकऱ्यांचे वागणे स्थिरावले असेल, तर मी तक्ता निवडेन. त्यातला 'भाव' हा रकाना मी अजून काढलेला नाही, पण तो शेवटी ठेवला आहे आणि त्यात एका वाक्याहून जास्त लिहीत नाही. तक्ता भरायला मी आता उताराच्या ओळीपासून घेतो. ती ओळ लिहिता आली नाही, तर संगीतकाराला काही पाठवण्याआधी पहारेकऱ्यांचा प्रोग्रॅमर गाठावा लागतो.